बाईंच्या सेवापूर्तीला व्यासपीठावर उपकारस्तुतीची प्रार्थना वाचायची आहे. कशी लिहू?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. आमच्या गणिताच्या बाई ३१ मेला निवृत्त होतायत. त्यांचा वाढदिवस १ जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून समारंभ एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ठेवलाय. अहिल्यानगर जिल्ह्यातली मिशनची अनुदानित शाळा, बाई १९९३ पासून तिथे.

बाई ख्रिस्ती आहेत. मी नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: "भाषण बिलकूल करू नकोस, मानपत्र नको. आमचे पाळक त्या दिवशी लग्नाला जातायत. उपकारस्तुतीची प्रार्थना तू वाच. दोन मिनिटं. आणि माझं नाव एकदाच घे."

मी हो म्हणून बसले. आता कागद घेऊन बसते तर निबंधच होतोय. समोर आजी-माजी विद्यार्थी, पालक, संस्थेची माणसं धरून चारशेच्या आसपास लोक असतील, त्यातले बहुतेक हिंदू, थोडे मुसलमान, थोडे ख्रिस्ती. माझे प्रश्न असे. मानपत्र आणि प्रार्थना यात नेमका फरक काय? लोकांना उभं राहायला सांगायचं का? आणि शेवटी "येशूच्या नावाने" म्हणतात ते मी म्हणू का?

तिरकस
दोन मिनिटं? निरोप समारंभात? बाईंना सांगा, अध्यक्षांचं "मी जास्त वेळ घेणार नाही" हे वाक्यच चार मिनिटं चालतं.

खडूफळा
ताई, मी स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. माझ्या समारंभात अठरा शाली आणि तेवीस नारळ आले. शाली आजही कपाटात आहेत, सगळ्या एकाच दुकानातल्या. मानपत्र फ्रेम करून दिलं होतं, त्यात माझं आडनाव चुकलं होतं. तरी मानपत्राचा नमुना हवा असेल तर देतो. सुरुवात अशी करा: "ज्ञानदानाचे पवित्र कार्य अविरतपणे करणाऱ्या, विद्यार्थीप्रिय, शिस्तप्रिय..."

सांजवेळ
सर, मानपत्र नकोच म्हणाल्यात बाई. :(

खडूफळा
बरं, मग त्यातलं "आपण" काढून "देवा" टाका. जमून जाईल.

अभंगवेडा
इतका खटाटोप कशाला? पसायदान म्हणा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या नऊ ओव्या, सगळ्यांना पाठ, कुठल्याही धर्माचा माणूस हरकत घेणार नाही. तीही कृतज्ञतेचीच प्रार्थना आहे.

पाळकाची लेक
अभंगवेडा, पसायदान मलाही पाठ आहे आणि आमच्या शाळेत रोज होतं. पण ती आभाराची प्रार्थना नाही, मागण्याची आहे. पसाय म्हणजे प्रसाद. वाग्यज्ञ पूर्ण झाला, आता देवाने संतोष पावून हे द्यावं, असं मागणं आहे ते. खळांची व्यंकटी सांडो, दुरितांचं तिमिर जावो, सगळी क्रियापदं पुढे पाहणारी. बाईंनी जे मागितलंय ते मागे पाहणारं आहे: झालेल्या गोष्टींची आठवण करून देवाचे उपकार मानणं. म्हणून आमच्याकडे त्याला उपकारस्तुती म्हणतात, कधी उपकारस्मरण.

सांजवेळ, माझे वडील चाळीस वर्षं पाळक होते. घरात प्रार्थनांचे कच्चे कागद रद्दीसारखे असायचे, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रार्थना आम्ही भावंडं तपासायचो, म्हणून थोडं सांगते. मानपत्रात तुम्ही बाईंशी बोलता, लोक ऐकतात. प्रार्थनेत तुम्ही देवाशी बोलता आणि बाई लोकांमध्ये उभ्या असतात. म्हणजे "तू" हा शब्द फक्त देवाला. बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत "त्या". चूक बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या वाक्याला होते. लिहिणारा भारावतो आणि "बाई, तुम्ही आम्हाला घडवलंत" असं लिहून जातो. तिथे प्रार्थना मोडली, भाषण सुरू झालं. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण त्याचे मिटलेले डोळे उघडतात. खडूफळा सर, म्हणून नुसतं "आपण" काढून "देवा" घालून चालत नाही, राग मानू नका.

लिहून झालं की लाल पेन घ्या आणि प्रत्येक "तू", "तुम्ही", "तुम्हाला"खाली रेघ मारा. रेघ बाईंकडे जात असेल तर ते वाक्य वळवा.

खडूफळा
राग नाही. पण लाल पेन हे आमचं हत्यार आहे, ते परत करा.

कायदेआजोबा
एक महत्त्वाचा मुद्दा कोणी मांडलाच नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक प्रार्थना करायला घटनेने बंदी आहे. कलम २८. उद्या कोणी तक्रार केली तर मुख्याध्यापक अडचणीत येतील.

नाशिकची द्राक्षं
आजोबा, अर्धं बरोबर. कलम २८ च्या पहिल्या भागातली बंदी संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना आहे, आणि तीही धार्मिक शिक्षणावर. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेसाठी तिसरा भाग आहे: तिथल्या विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे जबरदस्ती नको.

पण आजोबांच्या बोलण्यातला कामाचा भाग घ्यावा. समोर सहावी-सातवीची मुलं असतील. "सर्वांनी उभे राहून हात जोडावेत" असा हुकूम माइकवरून सुटला की कागदावरची संमती काय कामाची?

कायदेआजोबा
समारंभ शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या पटांगणात असेल तर संमती कोण विचारतो? माझं मत बदललेलं नाही.

आगाशीकर
आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे मिस्सात विनंत्या असतात, एक जण वाचतो आणि प्रत्येक विनंतीनंतर सगळे मिळून एकच ओळ म्हणतात. तसं करा. "आम्ही तुझे उपकार मानतो" ही ओळ लोकांना द्या. चारशे लोक एका आवाजात म्हणाले की अंगावर काटा येतो. माझ्या मावशीच्या निरोपाला असंच केलं होतं, ती पण शिक्षिका.

पाळकाची लेक
आगाशीकर, देवळात ते सुंदर होतं कारण कधी म्हणायचं हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. वाचणाऱ्याचा आवाज ज्या शब्दावर खाली येतो तो शब्द ओळखीचा असतो. मिश्र गर्दीत पहिल्यांदा कोणी बोलत नाही, दुसऱ्यांदा पुढच्या रांगेतले पाच जण बोलतात, तिसऱ्यांदा पोरं खिदळतात. वडिलांनी एकदा गावच्या सभेत हा प्रयोग केला होता, नंतर कधी नाही.

आगाशीकर
मावशीच्या वेळी सगळे आमच्याच धर्मग्रामातले होते, हे खरं. पण शेवटची एक ओळ तरी सगळ्यांची ठेवा की.

तिरकस
शेवटी "या रिक्त जागेवर पवित्र पोर्टलमधून लवकर शिक्षक मिळो" ही विनंती घाला. चारशेच्या चारशे आमेन म्हणतील, संस्थाचालक सोडून.

नाशिकची द्राक्षं
पोर्टलच्या नावातच पवित्र आहे, प्रार्थना तिथे आधीच पोचलेली असणार. =))

सांजवेळ
हसून झालं की माझ्याकडे बघा. पहिला खर्डा टाकतेय. लाल पेन अजून चालवलेलं नाही.

"हे परमेश्वरा, आज आमच्या लाडक्या बाई नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. गेली बत्तीस वर्षे त्यांनी ज्ञानाचा नंदादीप अखंड तेवत ठेवला. बाई, तुम्ही आमच्या जीवनाच्या ओल्या मातीला आकार दिलात. अशा बाईंसाठी धन्यवाद. त्यांचे उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे व आरोग्यदायी जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

तिरकस
देवाला "ईश्वरचरणी प्रार्थना" हे म्हणजे पोस्टमनच्या हातात पोस्टमनचंच पत्र.

पाळकाची लेक
तिरकस, तू गंमत केलीस, पण तोच मुद्दा आहे. ते वाक्य देवाशी बोलणाऱ्याचं नाही, शुभेच्छापत्र लिहिणाऱ्याचं आहे.

सांजवेळ, क्रमाने सांगते. पहिल्या वाक्यात तुम्ही देवाला बातमी देताय. बाई आज निवृत्त होतायत हे त्याला माहीत आहे, आणि लोकांना बॅनरवर दिसतंय. वडील म्हणायचे, प्रार्थनेत देवाला वर्तमानपत्र वाचून दाखवू नये. सुरुवातीला त्याला हाक मारा आणि तो कसा आहे याबद्दल एक गोष्ट बोला, अशी की जिचा बाईंच्या कामाशी धागा लागेल. जुन्या प्रार्थनांची हीच घडण आहे: हाक, मग "जो तू अमुक करतोस", मग उपकार किंवा मागणं, मग शेवट.

"नंदादीप" आणि "ओली माती" कुठल्याही शिक्षकाला लागू पडतात. खडूफळा सरांच्या मानपत्रातही असतील.

खडूफळा
होते. दोन्ही.

पाळकाची लेक
म्हणून बाईंच्या वर्गातली, इतर कुणाच्या वर्गात न घडलेली गोष्ट हवी. दोन किंवा तीन, जास्त नको. अशी निवडा की ऐकताना माजी विद्यार्थी मनात म्हणेल, हो, ही आमचीच बाई.

आणि भाषेचं एक. "बाईंसाठी धन्यवाद" हे हल्ली सगळीकडे ऐकू येतं, आमच्या तरुण मंडळींच्या प्रार्थनेत तर प्रत्येक वाक्यात. मराठीत मिळालेल्या गोष्टीबद्दल आभार मानतात आणि कुणासाठी मागतात. हा फरक सांभाळला तर प्रार्थनेचे दोन भाग आपोआप वेगळे होतात. वरच्या भागात "बद्दल" किंवा "म्हणून", खालच्या भागात "साठी". सगळीकडे "साठी" झालं की देवाला काय मिळालंय आणि काय हवंय यातला फरक ऐकणाऱ्याला लागत नाही.

अभंगवेडा
हे "बद्दल"चं पटलं. पसायदानाबाबतही तुमचं बरोबर असेल, पण शेवटच्या ओवीत "सुखिया जाला" आहे. मागणं मागून झाल्यावर आलेलं समाधान. त्यात कृतज्ञता नाही असं मी मानणार नाही.

पाळकाची लेक
ते मीही नाकारणार नाही.

आगाशीकर
उभं राहायचं का, या प्रश्नाचं कोणी उत्तर दिलं नाही.

नाशिकची द्राक्षं
सूत्रसंचालकाचं काम आहे ते. मी दहा वर्षं हौशी सूत्रसंचालन करतेय, त्यामुळे यात बोलू शकते. कागदावर वाक्य लिहूनच द्या: "बाईंच्या इच्छेनुसार त्यांच्या पद्धतीची उपकारस्तुतीची प्रार्थना होईल. ज्यांना उभं राहावंसं वाटेल त्यांनी राहावं, इतरांनी शांत बसावं." आजोबांच्या शंकेलाही यात थोडं उत्तर आहे.

जागा कुठे ठेवताय ते बघा. आभारप्रदर्शनाच्या शेजारी अजिबात नको. "उपकार", "आभार" असं काही कानावर पडलं की मागच्या दोन रांगा जेवणाच्या दिशेने सुटतात, कारण आभार म्हणजे कार्यक्रम संपला हे गणित पक्कं आहे. सत्कार झाल्यावर आणि बाईंच्या मनोगताच्या आधी ठेवा. सत्काराचा गोंधळ शांत होतो आणि बाई बोलायला उभ्या राहतात तेव्हा सभागृह आधीच गप्प असतं.

दुसरं, "आमेन" झाल्यावर "जोरदार टाळ्या" म्हणायची सूत्रसंचालकांना इतकी सवय असते की तोंडातून निघून जातं. त्याला आधी बजावा. फोटोग्राफरलाही. आणि माइक स्टँडवर घ्या, हातात कागद असताना माइक धरला की कागदाचा खुळखुळाट चारशे लोक ऐकतात.

कायदेआजोबा
वाचताना डोळे मिटायचे की नाही?

पाळकाची लेक
वाचणाऱ्याने उघडे ठेवायचे, आजोबा, नाहीतर वाचणार कसं. :) लोक मिटतील. वाचणाऱ्याने समोर मात्र बघायचं नाही, कागदावरच नजर. लोकांकडे बघितलं की आवाज आपोआप भाषणाचा होतो.

हात मात्र वर करू नका. आशीर्वाद देण्याची ती पद्धत आमच्याकडे पाळकांची आहे. तुम्ही शेवटी "तुमच्यावर कृपा असो" असंही म्हणू नका, "आम्हा सर्वांवर" म्हणा.

सांजवेळ
दुसरा खर्डा. रात्री मैत्रिणींशी फोनवर बोलून गोष्टी गोळा केल्या. मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, सावकाश वाचून दोन मिनिटांच्या आतच संपतंय.

"हे परमेश्वरा, तू पेरणाऱ्याला बी देतोस आणि वाट पाहण्याचा धीरही देतोस.

या शाळेच्या फळ्यासमोर बत्तीस वर्षं उभं राहणारं एक माणूस तू आम्हाला दिलंस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो.

चुकलेल्या गणितावर फुली न मारता त्याखाली 'पुन्हा कर' असं लिहिण्याची सवय तू त्यांच्या हाताला लावलीस. ते दोन शब्द आमच्यातल्या कितीतरी जणांना आजही उपयोगी पडतात. त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.

२०१३ च्या दुष्काळात आमची काही मुलं आईवडिलांबरोबर जनावरांच्या छावणीवर राहायला गेली. तेव्हा रविवारी दुपारी छावणीवर जाऊन पाढे घेणारे पाय तू त्यांना दिलेस. आणि त्यांच्यामागे सायकलवर वह्यांचा गठ्ठा घेऊन जाणारे शिपाईमामा दिलेस. त्या दोघांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.

त्यांच्या हातून काही राहून गेलं असेल, आमच्याकडून त्यांना काही बोललं गेलं असेल, ते तू पोटात घाल.

आता आम्ही त्यांच्यासाठी मागतो. जून महिन्यात घंटेची वेळ होईल आणि त्यांना कुठे जायचं नसेल, तेव्हा तू त्यांच्याजवळ अस. त्यांच्या जागेवर जो कोणी येईल त्याच्यासाठी मागतो, आणि या पटांगणात बसलेल्या मुलांसाठी मागतो."

नाव कुठेच घेतलं नाही, आत्ता लक्षात आलं. आणि शेवट लिहायचा राहिलाय, कारण तोच प्रश्न अजून अडलाय.

तिरकस
मी गंमत करायला आलो होतो. शिपाईमामांवर थांबलो.

खडूफळा
मी तीस वर्षं फुल्याच मारल्या. असो.

आगाशीकर
"तू पोटात घाल" ठेवा, कोणी काढायला सांगितलं तरी काढू नका. एवढंच की नाव घ्या, बाईंनी एकदा घ्यायला सांगितलंय. पहिल्या "एक माणूस"च्या जागी टाका.

पाळकाची लेक
नाव तिथे नको, "त्यांच्यासाठी मागतो" या ओळीत घ्या. तोपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, आणि नाव आलं की लोक एकदम त्यांच्याकडे बघतात. ते बघणं आभाराच्या मध्ये येण्यापेक्षा मागण्याच्या वेळी आलेलं बरं. बाकी लाल पेन चालवून पाहिलं. सगळे "तू" वरच जातायत.

शेवटाबद्दल मी थांबले होते, कारण ते तुमच्या मनाचं आहे. माझं मत असं: जे तुम्ही मानत नाही ते केवळ बरं दिसावं म्हणून म्हणू नका. बाईंनाही ते आवडणार नाही. "हे आम्ही तुझ्याकडे मागतो. आमेन." इथे थांबलात तर ती अपुरी प्रार्थना होत नाही.

आगाशीकर
मला नाही पटत. बाईंनी आपल्या पद्धतीची प्रार्थना मागितली. येशूचं नाव नसेल तर ती त्यांच्या पद्धतीची कशी? आरती करताना शेवटचं कडवं गाळल्यासारखं झालं. वाचणारा दुसऱ्याच्या वतीने वाचतोय, त्यात त्याच्या श्रद्धेचा प्रश्न येत नाही.

अभंगवेडा
वतीने वाचणं म्हणजे नेमकं काय? प्रार्थना वकीलपत्र आहे का?

कायदेआजोबा
वकीलपत्रावर निदान सही असते.

नाशिकची द्राक्षं
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आधी एक साधा उपाय. बाईंनाच विचारा ना.

सांजवेळ
आज विचारलं. सगळा खर्डा फोनवर वाचून दाखवला. छावणीच्या ओळीला म्हणाल्या, "सायकल माझी होती, मामा चालवत होते, तेवढं नीट कर." शेवटाचं विचारल्यावर थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला जिथे थांबावंसं वाटतं तिथे थांब. पुढचं मी म्हणेन."

पाळकाची लेक
बाईंना माझा नमस्कार सांगा.

खडूफळा
समारंभ झाला का? वृत्तांत द्या. शाली किती?

सांजवेळ
झाला. उशिरा लिहितेय, क्षमस्व. शाली मोजल्या नाहीत सर, पण टेबलाचा पाय वाकला.

सूत्रसंचालकाने वाक्य दिलं होतं तसंच म्हटलं. निम्म्याहून जास्त लोक उभे राहिले, पुढे बसलेली सातवीची मुलं बसूनच राहिली, कोणी काही म्हटलं नाही. माइक स्टँड आयत्या वेळी सापडला नाही, तेव्हा आमच्या वर्गातल्या एकाने माइक धरला. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. दुसऱ्या परिच्छेदाला पाळण्याच्या खेळण्यासारखं संगीत वाजलं, कुणाचा तरी फोन. मी थांबले, बंद झाल्यावर तेच वाक्य परत पहिल्यापासून घेतलं.

"सायकलवर" हा शब्द आला तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने "मामा!" म्हणालं. मामा मंडपाच्या खांबाशी उभे होते, त्यांना खुर्ची दिलेलीच नव्हती. मी कागदावरून वर बघितलं. बघायचं नव्हतं ते बघितलं.

शेवटी मी "हे आम्ही तुझ्याकडे मागतो" म्हणून थांबले. बाई खुर्चीतून उठल्या, माइकपाशी आल्या नाहीत, होत्या तिथूनच म्हणाल्या, "प्रभू येशूच्या नावाने." आमेन बऱ्याच जणांनी म्हटलं. पुढच्या रांगेपलीकडे त्यांचं वाक्य ऐकूही गेलं नसेल.

सूत्रसंचालकाने टाळ्या म्हटलं नाही. बाई मनोगतात पहिलं वाक्य बोलल्या ते "मामांना खुर्ची द्या रे."

कायदेआजोबा
तक्रार आली का?

सांजवेळ
आली. संस्थेच्या सचिवांची, त्यांचं नाव प्रार्थनेत नव्हतं म्हणून.

तिरकस
=)) =))